झुरळं आणि सोसायटीची नोटीस

लिफ्टजवळ नोटीस लागली: रविवारी सर्व फ्लॅट्समध्ये पेस्ट कंट्रोल, सहकार्य करावे. गेल्या वर्षी मी दार उघडलं नव्हतं. झुरळं मात्र डक्टमधल्या पाइपांवरून आमच्याकडे आली, इथेच वाढली आणि परत खाली उतरली. खालच्या मजल्यावरच्या छोट्याला दमा आहे, आणि झुरळांच्या विष्ठेने तो बळावतो.

यंदा आधीच पाइपांभोवतीच्या फटी व्हाइट सिमेंटने बुजवल्या. चौविहारामुळे स्वयंपाकघर लवकर आवरतंच. आता रात्री सिंकही पुसून कोरडं करते. पाण्यावाचून झुरळं फार टिकत नाहीत, निघून जातात. सेक्रेटरींना म्हटलं, घरात जेल नको, वाटल्यास तपासून जा. डक्टमधल्या जेलला मात्र ‘हो’ म्हटलं. त्या रात्री प्रतिक्रमणात ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणताना आवाज अडखळला.