घरी परतलेल्या मित्रास

आपला मित्र रुग्णालयातून घरी आला की आपला हात आधी दूरध्वनीकडे जातो. माझी विनंती अशी, की पहिले काही दिवस फोन न करता चार ओळींचा संदेश पाठवावा.

माझ्या एका सत्तरी ओलांडलेल्या रुग्णाचे उदाहरण देतो. त्यांना बापू म्हणू. न्यूमोनियामुळे ते नऊ दिवस रुग्णालयात होते. ताप उतरला, घरी सोडले. पण या आजारानंतरचा थकवा आणि खोकला कित्येक आठवडे रेंगाळतो. सलग बोलले की धाप लागते. त्यातच रुग्णालयात रात्री-अपरात्री होणाऱ्या तपासण्यांमुळे झोप मोडलेली असते. अशा माणसाला दिवसातून दहा वेळा ‘नक्की काय झालं होतं?’ याचे उत्तर द्यावे लागते, आणि तो दमला की तीच कहाणी त्याची पत्नी सांगत बसते.

बापूंच्या बागेतल्या मित्राने पाठवलेला संदेश त्यांनी मला कौतुकाने दाखवला होता. तो साधारण असा होता :

‘बापू, आलास! बाकावरची तुझी जागा कुणाला दिलेली नाही. नाना रोज तिथे वर्तमानपत्र पसरून ती अडवतो आणि शब्दकोडे हमखास चुकवतो. काल त्याने ‘पाणी’साठी तीन अक्षरी शब्द म्हणून ‘नीर’ लिहिले! उत्तर लिहू नकोस. दोन दिवसांनी पुढची बातमी कळवीन.’

यात आजाराचा उल्लेख नाही आणि एकही प्रश्न नाही. ‘लवकर बरा हो’ असेही नाही. ते वाचले की रुग्ण मनात दिवस मोजू लागतो. ‘आता काळजी नाही’ हे वाक्यही मी टाळतो, कारण एखादा अहवाल यायचा असतो, फेरतपासणी बाकी असते, आणि ते त्यालाच ठाऊक असते. ‘उत्तर लिहू नकोस’ हे शब्द मात्र जरूर लिहावेत. त्यांच्यामुळे संदेशाचे ओझे उरत नाही. मदत करायची असेल तर ती घरातल्यांशी वेगळे बोलून ठरवावी.

त्याने आपणहून आजाराचा विषय काढला, तर अर्थातच ऐकावे. आपल्या मावसभावाचा न्यूमोनिया तेवढा मध्ये आणू नये.

एक गोष्ट मात्र वैद्य म्हणून सांगतो. उत्तर आले आणि ते असंबद्ध वाटले, वार किंवा माणसे यांचा अचानक गोंधळ दिसला, तर थट्टेवारी न नेता लगेच घरच्यांना फोन करावा. वृद्धांमध्ये जंतुसंसर्ग पुन्हा बळावल्याची पहिली खूण कधीकधी तापाआधी अशी दिसते, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे लागते.

बापूंचे उत्तर चौथ्या दिवशी गेले. त्यात एकच शब्द होता : ‘उदक’.