चार किलोमीटरचा हिशेब

डिसेंबर 1943 मध्ये प्रांतांचे आणि संस्थानांचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि देशाच्या रस्त्यांचा वीस वर्षांचा आराखडा करून गेले. तो 'नागपूर योजना' म्हणून ओळखला जातो. शेतीने भरलेल्या भागातले कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून लांब राहू नये, हे त्यातले एक सूत्र. 2000 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने निकष बदलला, विचार तोच ठेवला: सपाटीवर 500 लोकवस्ती, डोंगराळ आणि आदिवासी भागात 250. दोन्ही वेळी रस्ता कुणाला मिळणार हे नकाशाने आणि शिरगणतीने ठरवले. रस्ता खर्चाला परवडतो का, हा प्रश्न गावागणिक कुणी विचारला नाही. तो विचारणे हे माझे काम आहे, आणि दोन गावांपैकी एकालाच यंदा पैसे मिळणार असतील तेव्हा तो टाळताही येत नाही.

काटोल-नरखेडच्या संत्रापट्ट्यातले एक गाव डोळ्यांसमोर आणू. आकडे माझे, उदाहरणापुरते; पण अशा गावाला शोभतील असे. नऊशे वस्ती, राज्य महामार्गापासून चार किलोमीटर आत, मधे काळ्या मातीतली पांदण. ही माती पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते, म्हणून रस्त्याला पाया जाड लागतो आणि मोऱ्याही जास्त. अंदाजपत्रक तीन कोटींचे. त्यातला कर सरकारच्याच एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो, समाजाचे त्यात काही खर्च होत नाही. तो वजा करून 2 कोटी 70 लाख धरू.

आता फायदा. इथे पहिला घोटाळा होतो, कारण लोक 'आधी आणि नंतर' अशी तुलना करतात. खरी तुलना रस्ता झाला तर काय आणि न झाला तर काय, यांची असते. मोटारसायकली तशाही वाढणार होत्या. त्या वाढीचे श्रेय डांबराला देता येत नाही. आज पांदणीवरून जाणाऱ्या गाड्यांचे इंधन, टायर, दुरुस्ती यांत वर्षाला 13 लाख वाचतील असे समजू. रोज चारशे माणसांची प्रत्येकी दहा मिनिटे वाचली, तासाचे मोल तीस रुपये आणि वर्षाचे साडेतीनशे दिवस धरले, तर सात लाख होतात. गावातून वर्षाला हजार टन संत्री कळमन्याच्या बाजारात जातात. गचक्यांनी चेपून वाया जाणारा तीन टक्के माल वाचला आणि टनाला पंचवीस हजार भाव धरला, तर साडेसात लाख.

राहिल्या नव्या फेऱ्या. रस्ता झाल्यावर जुन्या जितक्या फेऱ्या होत्या तितक्याच नव्या सुरू झाल्या, तर त्यांचा फायदाही 13 लाख का धरू नये? कारण जो माणूस जुन्या खर्चात जात नव्हता, त्याला त्या फेरीचे मोल जुन्या खर्चाहून कमीच वाटत होते. एखाद्याला रस्ता किंचित सुधारताच जावेसे वाटले असेल, त्याला जवळजवळ सगळी बचत फायदा म्हणून मिळते. दुसरा पूर्ण सुधारल्यावर कसाबसा निघाला, त्याचा फायदा जवळपास शून्य. सरासरी निम्मी. म्हणून साडेसहा लाख. ज्यूल द्युप्युई या फ्रेंच अभियंत्याने 1844 मध्ये रस्ते-पुलांच्या उपयुक्ततेवर लिहिले, त्या विचाराचे हे आजचे रूप.

एकूण 34 लाख. देखभालीचे पाच लाख वजा जाता वर्षाला 29 लाख. शेतजमिनीचा भाव वाढेल तो मी यात मिळवत नाही, आणि गावातल्या पुढाऱ्यांना हेच पटत नाही. जमीन महागते ती याच बचतीमुळे. दोन्ही मोजले तर एकच रुपया दोनदा मोजला जातो.

वीस वर्षे दरसाल 29 लाख म्हणजे 5 कोटी 80 लाख. रस्ता परवडला असे वाटेल. पण वीस वर्षांनी मिळणारा रुपया आजचा रुपया नव्हे. महागाईचा इथे संबंध नाही, सगळे भाव आजचेच धरलेत. तोच पैसा आज दुसरीकडे लावला असता तर वाढला असता, म्हणून पुढच्या रकमेला वटाव लावायचा. आपल्याकडे रस्त्यांच्या अहवालांत बहुधा 12 टक्के दर दिसतो. आशियाई विकास बँकेने आपला दर 2017 मध्ये 9 वर आणला. ब्रिटनचे सरकार 3.5 टक्के वापरते. बारा टक्क्यांनी वीस वर्षांनंतरच्या लाख रुपयांचे आजचे मोल सुमारे 10,400 रुपये, सहा टक्क्यांनी 31,200. आपल्या रस्त्याचे फायदे बारा टक्क्यांनी 2 कोटी 17 लाखांचे ठरतात, म्हणजे 53 लाख तोटा. सहा टक्क्यांनी तेच 3 कोटी 33 लाख होतात, 63 लाख नफा. पांदण तीच, संत्रीही तीच. अहवाल वाचताना मी आधी शेवटचे पान न बघता हा दर शोधतो.

आणि जे मोजलेच नाही त्याचे काय? पावसाळ्यात अडलेली बाळंतीण, सातवीनंतर घरी बसलेली मुलगी. ग्रामसडक योजनेवर इथे चांगला पुरावा आहे. पाचशेच्या रेषेच्या जरा वरची आणि जरा खालची गावे तशी सारखीच असतात. वरच्यांना रस्ता आधी मिळाला. सॅम अशर आणि पॉल नोवोसाद यांनी अशी गावे ताडून पाहिली आणि 2020 मध्ये निष्कर्ष मांडले. माणसे शेतीतून बाहेरच्या मजुरीकडे वळली. पण शेतीचे उत्पादन, घरचे उत्पन्न, मालमत्ता यांत मोठा फरक दिसला नाही. त्यांनी अंजली अदुकिया यांच्यासह केलेल्या दुसऱ्या अभ्यासात रस्ता झालेल्या गावांत उच्च प्राथमिक वर्गांची पटसंख्या सुमारे 7 टक्क्यांनी वाढलेली आढळली. म्हणजे माझ्या तक्त्यातला संत्र्याचा आकडा संशयास्पद ठरतो आणि जो रकाना कोरा सोडला, तिथेच काहीतरी घडलेले असते.

त्या मुलीच्या शिक्षणाला मी किंमत चिकटवत नाही. प्रश्न उलटा करतो. बारा टक्क्यांनी रस्ता परवडायला वर्षाला सुमारे 36 लाख हवेत, आपल्याकडे 29 आहेत. तूट सात लाखांच्या थोडी वर, माणशी वर्षाला आठशे रुपये. पावसाळ्यातही पोहोचणारी रुग्णवाहिका आणि आठवीत जाणारी मुले मिळून या गावाला माणशी आठशे रुपयांच्या मोलाची आहेत का? याला ग्रामसभा उत्तर देऊ शकते, जिल्हा परिषदही देऊ शकते. आयुष्याची किंमत विचारली असती तर सभा गप्प बसली असती. हाच आकडा माणशी आठ हजार आला असता, तर मीही दुसऱ्या गावाकडे वळलो असतो.

वटावाच्या दरावर आम्ही लोक तावातावाने भांडतो, पण तक्त्यातली एक ओळ त्याहून नाजूक आहे. ग्रामसडकेच्या कंत्राटात पहिली पाच वर्षे देखभाल त्याच ठेकेदाराकडे असते. पुढे ती थांबली, काळ्या मातीने कडा खचवल्या, मोऱ्या तुंबल्या आणि आठव्या वर्षाअखेर पुन्हा पांदण झाली असे धरा. पाच वर्षे 29 लाख, मग देखभालीचे पैसेही वाचले म्हणून तीन वर्षे 34 लाख: सगळे मिळून 2 कोटी 47 लाख. खर्च होता 2 कोटी 70. यात वटाव अजून लावलेलाच नाही.