पेटी एकदा टाळावी की योजनाच थांबवावी?

ठरलेल्या वारी भाजी-किराण्याची पेटी दाराशी आणून देणाऱ्या योजना आता माझ्या अनेक वृद्ध रुग्णांच्या घरी रुळल्या आहेत. अडचण येते ती घरात आजारपण उद्भवल्यावर. अशा वेळी 'स्किप' आणि 'कॅन्सल' ही दोन्ही बटणे सारखीच वाटतात. प्रत्यक्षात पहिल्याने केवळ त्या वारची पेटी वगळली जाते आणि पुढची आपोआप येते, दुसऱ्याने योजनाच संपुष्टात येते.

माझे एक मधुमेही रुग्ण, वय ७८, पुण्यात एकटेच राहतात. त्यांची पेटी दर शनिवारी सकाळी येते आणि तीत बदल करण्याची मुदत गुरुवारी रात्री आठची. त्यानंतर खरेदी व बांधणी सुरू होत असल्याने ती पेटी पक्की धरली जाते. एका गुरुवारी संध्याकाळी आजोबांना न्यूमोनियासाठी रुग्णालयात दाखल केले. न्यू जर्सीतील त्यांच्या कन्येने निरोप वाचून तिथल्या दुपारी बारा वाजता कॅन्सल दाबले. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते.

परिणाम दुहेरी झाला. मुदत टळून गेल्यामुळे शनिवारची पेटी आलीच, पैसेही कापले गेले आणि दूध-पालेभाजी कुलूपबंद दाराशी नासली. आजोबा पुढच्या शुक्रवारी घरी परतले. शनिवारी मात्र पेटी आली नाही, कारण योजनाच बंद होती. चहा-बिस्किटांवर त्यांनी ग्लिमेपिराइडची नेहमीची गोळी घेतली. अकराच्या सुमारास शेजारीणबाईंना ते घामाघूम आणि असंबद्ध बोलताना आढळले. साखर होती ५८. सत्तरच्या खाली ती धोक्याची समजावी. गिळता येत होते, म्हणून मी फोनवरून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायला सांगितली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले तेव्हा ती ९६ वर आली होती. त्यानंतर त्यांना शेजारचा वरणभात मिळाला. (गोळीचा अंमल दिवसभर राहतो; केवळ साखरपाण्यावर थांबून चालत नाही.)

आठच्या आत स्किप केले असते, तर एकच पेटी चुकली असती आणि घरी परतल्यावर दुसरी हजर असती. आठनंतर मात्र बहुधा दोन्ही बटणे त्या पेटीपुरती निरुपयोगी ठरतात. अशा वेळी योजनेला हात न लावता शेजाऱ्यांना पेटी घ्यायला सांगावे, हे उत्तम. मुक्काम लांबला, तर पुढच्या पेट्या एकेक करून वगळाव्यात. बटण दाबल्यावर येणाऱ्या पेट्यांची यादी उघडून पाहावी: वगळलेल्या तारखेखाली पुढची तारीख दिसली पाहिजे. यादी रिकामी असेल, तर योजना बंद झाली असे समजावे.

आजोबांच्या कन्येने आता दर गुरुवारी सकाळी साडेनऊचा गजर लावला आहे, म्हणजे मुदतीच्या तासभर आधीचा. नोव्हेंबरात तिकडची घड्याळे मागे जातील, तेव्हा तो साडेआठवर आणायचा आहे.