लुगडं दिसतंय, तोंड कुठंय? : कॅमेरा निवडताना आम्ही काय चुकलो



आपल्या तरुणांच्या ग्रुपवर हल्ली एक प्रश्न वारंवार येतो. डॉक्युमेंटरी करायची आहे, वर्गणीतून थोडे पैसे जमलेत, कोणता कॅमेरा घ्यावा? उत्तर देणारे शंभरातले नव्वद जण एकच सांगतात, 'फुल फ्रेम घ्या'. आम्हीही तेच ऐकले होते. त्या सल्ल्याशी आमचे भांडण आहे, म्हणून हा लेख.

आम्ही चौघे 6 डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेत उभ्या असणाऱ्या म्हाताऱ्या बायांवर फिल्म करतो आहोत. पहिल्या वर्षी एका मित्राचा फुल फ्रेम कॅमेरा मागून आणला होता. दोन महिन्यांनी परभणीकडच्या एका आजींना त्यांच्याच घरी लॅपटॉपवर चित्रण दाखवले. त्यांनी डोळे बारीक करून पाहिले आणि विचारले, "लुगडं दिसतंय रं बाबा, माझं तोंड कुठंय?"

तोंड खरोखरच नव्हते. पांढऱ्या लुगड्याची प्रत्येक चुणी दिसत होती आणि पदराखाली काळा डाग होता.

कारण समजून घ्या. दुपारचे ऊन आणि पदराची सावली यांत साधारण तीन स्टॉपचा फरक पडतो. पांढरे कापड आणि आपली काळीसावळी त्वचा यांत आणखी तीन. प्रत्येक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड, म्हणजे सहा स्टॉपला चौसष्ट पट. त्याच्याही खाली डोळ्यांच्या खोबणी आणि सुरकुत्या येतात, आणि माणूस ओळखू येतो तो त्यांच्यामुळेच. कॅमेऱ्याला एकाच वेळी किती उजेड-अंधार सांभाळता येतो, ते म्हणजे डायनॅमिक रेंज. शिवाय आमचे एक्स्पोजर ऑटोवर होते. फ्रेम पांढऱ्या कपड्यांनी भरली की मीटरला वाटते उजेड फार आहे, तो सगळे मध्यम करड्याकडे ओढतो आणि चेहरे आणखी दोन स्टॉप खाली जातात. कोडॅकच्या काळात लॅबमध्ये रंग जुळवायला एका गोऱ्या बाईच्या फोटोचे कार्ड वापरत, त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. ते कार्ड आता गेले. पण कुणाचा चेहरा 'नॉर्मल' धरायचा हा प्रश्न कॅमेरा हातात घेणाऱ्यापुढे अजून आहे, आणि आम्ही तो मीटरवर सोडून दिला होता.

'मग एडिटमध्ये उजळ करा,' असे कुणीही म्हणेल. आम्ही केले. गालांवर हिरवट-तांबडे ठिपके उमटले, आकाशात पट्टे पडले. चित्रण लॉगमध्ये होते, पण 8-बिट होते. 8-बिटमध्ये प्रत्येक रंगाला 256 पायऱ्या मिळतात. लॉगमध्ये त्या सगळ्या रेंजवर पसरतात, म्हणून एका स्टॉपच्या वाट्याला जेमतेम पंधरा-वीस येतात, अंधारात त्याहून कमी. तेवढ्यात चेहऱ्याचा गोलवा मावत नाही. 10-बिटमध्ये पायऱ्या 1024, म्हणजे चौपट. सेन्सर कितीही मोठा असो, फाईलमध्ये जे लिहिलेच गेले नाही ते नंतर वर काढता येत नाही. म्हणून आमचे म्हणणे असे की सेन्सरचा आकार विचारण्याआधी कॅमेरा स्वतःच्या कार्डावर 10-बिट 4:2:2 लिहितो का, ते विचारा.

आता फुल फ्रेमचा मोह. मोठ्या सेन्सरचा खरा फायदा अंधारात आहे, तो आम्ही नाकारत नाही. पण लोक तो घेतात मागचे धूसर करायला. सारखीच चौकट आणि सारखेच ॲपर्चर ठेवले तर फुल फ्रेमची फोकसमधली पट्टी मायक्रो फोर थर्ड्सच्या जवळपास निम्मी असते. आमच्या चित्रणात आजींच्या मागे निळे झेंडे होते, पुस्तकांचे स्टॉल होते, कडेवर पोरे घेतलेली रांग होती. ते सगळे लोण्यासारखे वितळले होते. लग्नाच्या व्हिडिओत ते शोभते. आपल्याकडे ती मागची माणसेच तर विषय आहेत! ती पुसून एकटी 'गरीब म्हातारी' दाखवायची असेल तर ते काम प्रस्थापितांची चॅनेले वर्षानुवर्षे करत आलीच आहेत.

शेवटी आम्ही जुना पॅनासॉनिक जीएच5 घेतला, 60,000 रुपयांत, फक्त बॉडी. सेन्सर छोटा, मायक्रो फोर थर्ड्स. पण 4के मध्ये 10-बिट 4:2:2 आतल्या आतच लिहितो. जुना घेणाऱ्यांसाठी एक सूचना: या मॉडेलमध्ये व्ही-लॉग एल वेगळे विकत घ्यावे लागत असे, म्हणून आधीच्या मालकाने ते टाकले आहे का, हे मेनू उघडून पाहा. आता झेब्रा 75 टक्क्यांवर लावतो, कारण या लॉगमध्ये पांढरे 80 च्या आसपासच फाटते. लुगड्यावर पट्टे उमटेपर्यंत एक्स्पोजर वाढवायचे आणि किंचित मागे यायचे. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर चित्र धुरकट दिसते, घाबरायचे नाही. चेहरा फाईलमध्ये असतो.

याची किंमत कोडेकमध्ये चुकवावी लागते. 150 मेगाबिटने तासाला साधारण 68 जीबी होतात. दोन दिवसांत दहा तास चित्रण झाले तर 680 जीबी, आणि दुसऱ्या डिस्कवर प्रत ठेवायची तर त्याच्या दुप्पट. वर ही 10-बिट 4:2:2 एच.264 फाईल बहुतेक साध्या लॅपटॉपचे हार्डवेअर उलगडू शकत नाही. आमच्या मोफत एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये आवाज आला, चित्र नाही. मग रात्रभर एफएफएमपेगने डीएनएक्सएचआरमध्ये बदलत बसलो, फाईल चौपटीहून मोठी झाली. म्हणून कॅमेरा घेण्याआधी त्याची एक मिनिटाची फाईल कुणाकडून तरी मागून आपल्याच लॅपटॉपवर उघडून बघा. हार्ड डिस्कचे पैसे कॅमेऱ्याच्या बजेटमध्येच धरा.

आणि भाडे? रात्रीच्या भीमगीतांच्या कार्यक्रमाला जीएच5 कमी पडतो, 1600 आयएसओच्या पुढे दाणे दिसू लागतात. त्यासाठी सोनी एफएक्स30 हवा होता. त्याचे दोन बेस आयएसओ आहेत, लॉगमध्ये 800 आणि 2500, म्हणून मंडपातल्या ट्यूबलाइटवरही चित्र स्वच्छ राहते. बॉडी तेव्हा दोन लाखांच्या आसपास होती, भाडे आम्हाला सांगितले दिवसाला 3,000. म्हणजे साधारण 67 दिवस वापरला तर पैसे वसूल. मागच्या वर्षभरात आम्ही एकूण 19 दिवस चित्रण केले, त्यातल्या रात्री फक्त चार. हिशेब तिथेच संपला.

पण भाड्याचा हिशेब सगळ्यांना सारखा लागू होत नाही. एका दुकानात आधी आडनाव विचारले, मग आधार कार्डावरचा वस्तीचा पत्ता वाचला, आणि डिपॉझिट बोर्डावर लिहिले होते त्याच्या दुप्पट झाले. वर 'लोकल गॅरंटर आणा'. दुसऱ्या दुकानात असले काही झाले नाही, पण ते शोधण्यात दोन दिवस गेले. आणि अत्याचाराची बातमी रात्री अकराला येते, मोर्चा सकाळी निघतो. त्या वेळी भाड्याचे दुकान बंद असते. म्हणून दिवसाचा आणि अचानकचा कॅमेरा स्वतःचा, तारीख ठरलेल्या रात्रींचा भाड्याचा, असे आम्ही ठरवले. एफएक्स30 घेताना पावती लिहायच्या आधी सेन्सरवर डाग आहेत का, हे ॲपर्चर एफ16 ला नेऊन पांढऱ्या भिंतीवर तपासतो आणि त्या क्लिपवर दुकानदाराचा आवाजही घेतो.

गेल्या 6 डिसेंबरला त्याच आजी पुन्हा रांगेत भेटल्या. भर दुपार, तेच पांढरे लुगडे. झेब्रा लावून सात मिनिटे चित्रण केले. हार्ड डिस्क पुढच्या रविवारी परभणीला घेऊन जातो आहोत.