टीप त्याच पानावर हवी

पुस्तक प्रतिसरकारच्या काळावरचं होतं. लेखक सांगलीचे, इतिहासाचे निवृत्त शिक्षक. मी साताऱ्यात पुस्तकांची मांडणी करते. सरांची अट एकच होती, पण पक्की: टिपा प्रकरणाच्या शेवटी ढकलायच्या नाहीत, ज्या पानावर आकडा त्याच पानाच्या तळाशी टीप यायला हवी, आणि ती चष्मा लावून तरी वाचता आली पाहिजे. "माझे वाचक सत्तरीचे आहेत ताई," ते फोनवर म्हणाले, "पान उलटून मागे जाणार नाहीत. टीप वाचायचीच सोडून देतील."

हट्टामागचं कारण पुस्तकातच होतं. १९४३ मधलं 'सातारा जिल्हा' म्हणजे आजचा सातारा नव्हे. वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हे तालुके तेव्हा साताऱ्यातच होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. त्यातून पुस्तकात येणारं कुंडल धड साताऱ्याचंही नव्हतं, ते औंध संस्थानात होतं. आटपाडी आणि कुंडल हे औंधचे मुख्य भागापासून तुटलेले तुकडे. क्रांतिकारक ब्रिटिश हद्दीतून संस्थानच्या हद्दीत गेले असं वाक्य आलं की वाचकाला हद्द कुठली हे तिथल्या तिथे कळायला हवं. शंभर पानांनंतर कळून काय उपयोग?

सरांकडे आधी एका ठिकाणी करून घेतलेली प्रुफं होती. टिपा पानाच्या तळाशी होत्या आणि दिसायलाही मोठ्या होत्या. सर म्हणाले, "एवढ्याच ठेवा, छान वाचता येतात." मी फाइल उघडली तर टीप ८ पॉइंटांची! हे कोडं प्रिंटरच्या खिडकीत सुटतं. पुस्तक डेमी आकाराचं, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. ते ए-४ कागदावर छापताना `Fit` ही निवड राहिली, तर पान कागदाएवढं फुगतं, जवळजवळ १.३७ पट. ८ पॉइंटांचं अक्षर ११ पॉइंटांचं दिसतं. लेखक खूश होऊन सही करतो आणि पुस्तक हातात आल्यावर डोळे चोळतो. मी तेच पान `Actual size` वर छापून सरांना पाठवलं. दुसऱ्या दिवशी फोन आला, "हे मुंग्यांसारखं काय आहे?"

इंग्रजी पुस्तकात ८ पॉइंटांची तळटीप चालून जाते, म्हणून अनेक तयार साच्यांत तोच आकार असतो. देवनागरीत पॉइंटाच्या त्याच उंचीत वरची वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खालचा उकार, ऋकार बसवायचा असतो. त्यामुळे मूळ अक्षराच्या वाट्याला जागा कमी येते. ८ पॉइंटांत 'द्ध', 'ह्म', 'क्ष' यांच्या आतली पोकळी इतकी लहान होते की ऑफसेटवर, मॅपलिथो कागदावर शाई थोडी पसरली की ती बुजते. लेझर प्रिंटवर हे दिसत नाही, तिथे अक्षर कोरल्यासारखं येतं. म्हणून आकार ठरवताना मी छापखान्यातून, ज्या कागदावर पुस्तक छापायचं त्याच कागदावर, एक पान काढून घेते. आमचं ठरलं ते असं: मजकूर १३ पॉइंट आणि दोन ओळींमधलं अंतर १८, टीप साडेदहा पॉइंट आणि अंतर १४. आकड्याचीही तीच गत. इनडिझाइनमध्ये वर चढवलेला आकडा मूळ अक्षराच्या ५८ टक्के असतो, म्हणजे साडेसात पॉइंट. त्यात '१' आणि '९' ओळखू येत नाहीत. मी तो ७० टक्के केला आणि थोडा खाली उतरवला, नाहीतर वरच्या ओळीच्या उकारात अडकतो. आकडे प्रत्येक पानावर एकपासून सुरू केले, त्यामुळे तीन आकडी शेपटं टळली. फक्त 'टीप ७ पाहा' असं जिथे लिहिलं होतं, तिथे सरांना वाक्य बदलावं लागलं.

टिपा प्रकरणाच्या शेवटी टाकायची सवय मराठी प्रकाशनाला लागली, यात पेजमेकरचा मोठा वाटा आहे असं माझं मत. त्या प्रोग्रॅममध्ये आपोआप तळटीप येण्याची सोयच नव्हती. टिपा हातानं पानाखाली ठेवायच्या, आणि लेखकानं एक ओळ वाढवली की पुढची सगळी पानं पुन्हा हलवायची. कोण करणार? इनडिझाइनमध्ये तळटीप २००५ मध्ये आली, पण आपल्याकडचं काम त्यानंतरही बरीच वर्षं जुन्या फॉन्टवर पेजमेकरमध्येच चाललं. सरांचं हस्तलिखितही तसंच आलं: जुन्या फॉन्टवरून युनिकोड केलेलं, टिपा प्रकरणाच्या शेवटी टाइप केलेल्या, आकडेही टाइप केलेले. असा आकडा आणि त्याची टीप यांची एकमेकांशी ओळखच नसते. म्हणून आधी वर्डमध्ये प्रत्येक आकड्याच्या जागी `Ctrl+Alt+F` दाबून खरी तळटीप घातली आणि शेवटचा मजकूर कापून तिथे नेला. कंटाळवाणं काम, पण इनडिझाइनमध्ये फाइल आणताना या टिपा जिवंत येतात, आकड्याबरोबर पान बदलतात. एक गोष्ट मात्र तपासायची. मजकुराच्या स्टाइलला `World-Ready` कंपोझर लावलेला असतो, पण टिपा वर्डमधली आपली वेगळी स्टाइल घेऊन येतात. मग वर सगळं नीट आणि खाली जोडाक्षरं फुटलेली, वेलांटी भलत्याच अक्षरावर. टिपांच्या स्टाइललाही तोच कंपोझर लावला की दुरुस्त होतं.

खरी लढाई पुढे होती. आमच्या पानावर मजकुराला ४८६ पॉइंट उंची होती, म्हणजे १८च्या हिशोबानं २७ ओळी. शेणोलीच्या प्रकरणातलं एक पान सांगते. ७ जून १९४३ ला प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं शेणोलीजवळ सरकारी पगाराचा पैसा नेणारी रेल्वे अडवली, तो प्रसंग. कुंडलचं नाव पानाच्या विसाव्या ओळीत आलं आणि त्यावर टीप होती, औंध, सातारा, दक्षिण सातारा असा सगळा खुलासा करणारी. नऊ ओळींची.

नऊ ओळी गुणिले १४ म्हणजे १२६, वर रेघेसाठी आणि मोकळ्या जागेसाठी किमान १०, मिळून १३६. मजकुराच्या सात ओळींत हे मावत नाही (१२६ च होतात), आठ ओळी द्याव्या लागतात. वीस अधिक आठ, अठ्ठावीस. पानात जागा सत्तावीसची. एका ओळीनं हुकलं. मी `Allow Split Footnotes` बंद ठेवलं होतं, कारण सरांना टीप फुटलेली नको होती. मग प्रोग्रॅमनं काय करावं? आकडा असलेली विसावी ओळच पुढच्या पानावर नेली. एकविसावी ओळ विसावीच्या आधी येऊ शकत नाही, तेव्हा तीही गेली. पानावर एकोणीस ओळी आणि खाली आठ ओळींचं मैदान. टीप जितकी थोडक्यानं हुकते तितकं पान जास्त रिकामं पडतं, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला पटत नाही.

पान असंच रिकामं सोडायचं नसेल तर दुसरा मार्ग फाटाफूट चालू करण्याचा. त्यानं पान भरतं, पण टिपेचं शेपूट पुढच्या पानावर जातं आणि तिथल्या टिपांच्या डोक्यावर बसतं. वाचकाला वाटतं ही कुठली टीप? अक्षर लहान करणं हा तिसरा मार्ग, आणि सगळे तिथेच घसरतात. एका पानासाठी साडेदहाचं साडेनऊ केलं की समोरच्या पानाशेजारी ते लगेच डोळ्यात खुपतं. चौथा मार्ग वरच्या मजकुरातून एक ओळ वाचवण्याचा. ज्या परिच्छेदाच्या शेवटच्या ओळीत एकच शब्द लोंबकळतोय तो थोडा आवळायचा. पण इंग्रजीवाले आवळतात तशी अक्षरं आवळू नयेत, देवनागरीत शिरोरेषा एकमेकींवर चढते आणि सैल केली तर तुटते. आवळायची ती शब्दांमधली जागा, तीही जपून. या पानावर तसा परिच्छेदच नव्हता.

म्हणून सरांना फोन केला. "सर, कुंडलच्या टिपेतली एक ओळ द्या." ते म्हणाले, "एक ओळ दिली तर पूर्ण टीप बसेल? मग आठ ओळींचा खड्डा कसा भरेल?" हिशोब करून दाखवला: आठ ओळींची टीप म्हणजे ११२, अधिक १०, एकशेबावीस. ती सात ओळींत बसते. वीस आणि सात, सत्तावीस. टिपेच्या शेवटी 'अधिक तपशिलासाठी पाहा' म्हणून दोन पुस्तकांची नावं होती. तेवढीच काढली, सव्वा ओळ गेली. पान काठोकाठ भरलं, अक्षर साडेदहाचंच राहिलं.

त्यावरून आम्ही पूर्ण पुस्तकाला एक नियम लावला. खुलासा करणारी टीप पानाखाली, आणि केवळ कुठून घेतलं हे सांगणारा संदर्भ पुस्तकाच्या शेवटी. सरांना सुरुवातीला हे शरण जाणं वाटलं. पण बहुतेक टिपांची निम्मी लांबी दप्तर क्रमांक आणि प्रकाशनवर्षं यांनीच खाल्लेली निघाली. उरलेल्या खुलाशात आठ ओळींच्या वर जाणाऱ्या फार थोड्या होत्या. त्यातल्या एक-दोन इतक्या रंगतदार होत्या की सरांनी त्या मजकुरातच घेतल्या. दोन टिपा मात्र फोडाव्याच लागल्या. त्या फोडताना दोन्ही पानांवर किमान तीन-तीन ओळी राहतील आणि तुकडा वाक्याच्या मध्ये पडेल, एवढं पाहिलं. वाक्य अर्धवट राहिलं की वाचक पान उलटतो. पूर्णविरामावर तुटलं तर टीप संपली असं त्याला वाटतं.

शेवटच्या प्रुफात मात्र लेखकांनी हात आवरावा. विसाव्या पानावर दोन शब्द वाढले की ओळी सरकतात आणि प्रकरणाच्या शेवटापर्यंत प्रत्येक टिपेचा हिशोब पुन्हा करावा लागतो. सरांनी एका प्रकरणात एक विशेषण वाढवलं होतं, तेव्हा पुढच्या सलग चार पानांच्या तळाशी मैदानं झाली. ते विशेषण त्यांनी स्वतःच मागे घेतलं.

तुमचं टिपांचं पुस्तक छापायला जात असेल तर मांडणी करणाऱ्याकडे दोनच गोष्टी मागा. वर्डमध्ये खऱ्या तळटिपा घालून घ्या, आणि सही करण्याआधी एक पान `Actual size` वर, पुस्तकाच्याच कागदावर छापून हातात घ्या.