पाठांतर राहिले, बोली गेली



आपण कीर्तनाला बसतो तेव्हा एक गोष्ट नेहमी घडते. कीर्तनकार निरूपणाच्या ओघात प्रमाण म्हणून एखादा चरण उचलतो, अर्धाच म्हणतो, आणि उरलेला अर्धा टाळकऱ्यांसह सारी सभा पुरा करते. माझा मुलगा आणि मुलगी तो अर्धा चरण बिनचूक पुरा करतात. पण तो चरण तिथे का आणला, हे त्यांना उमगत नाही. दृष्टांतावर सभा हसली की तीही हसतात. मात्र क्षणभर उशिरा, शेजाऱ्याकडे पाहून. नारदाच्या गादीवरून मला हे पुष्कळ वर्षे दिसत होते.

१९७८ साली नोकरीनिमित्त आम्ही दिल्लीला, यमुनापार, बिऱ्हाड केले. मुले तिथेच जन्मली. घरात सकाळी काकडा आणि संध्याकाळी हरिपाठ कधी चुकला नाही. बाकीचा दिवस मात्र हिंदीचा. पहाडगंजात मराठी मंडळींची शाळा होती, पण लहान मुलांना दोन बस बदलून रोज तिकडे धाडणे होण्यासारखे नव्हते.

माउली, भाषा एका दिवसात जात नाही. आधी मुले मराठीत ऐकतात आणि हिंदीत उत्तर देतात. त्यांना सगळे समजत असते, म्हणून घरच्यांच्या ते ध्यानातही येत नाही. मग भाऊबहीण आपसांत हिंदी बोलू लागतात. खरी खूण ही. आईबापांशी मराठी बोलणे हा रिवाज असतो. खेळताना, भांडताना जी तोंडी येते ती मुलाची भाषा. त्यानंतर शब्द गळतात. ताट, पोळी, चल, झोप, हे स्वयंपाकघरातले आणि आज्ञेचे शब्द टिकतात. कणव, हुरहूर, लळा हे मनाचे शब्द आधी जातात. संतांचे बोलणे तर या मनाच्या शब्दांतच आहे.

मग व्याकरण हलते. हिंदीत नपुंसकलिंग नाही. मुलगी सासरहून फोनवर म्हणाली, "बाबा, माझा मन लागत नाही." तिचे दुःख मला कळले, आणि ते सांगायला तिच्याजवळ आपली भाषा उरली नाही, हेही त्याच वाक्यात कळले. नाम, रूप, मन ही तिन्ही आपल्याकडे 'ते' आहेत. तिच्या तोंडी तिन्ही 'तो' झाली.

आणखी एक भेद गेला. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटले की तो आत येतो. हिंदीच्या 'हम'मध्ये दोन्ही मावतात. मुलगा म्हणाला, "बाबा, आषाढीला आम्ही पंढरपूरला जाऊ." मी विचारले, "आणि मी नाही का?" तो गोंधळून पाहू लागला. त्याने मला वगळले नव्हते, त्याच्या जिभेने वगळले होते.

भाषेवाचून भक्ती अडते असे मी म्हणणार नाही. नामदेवराय पंजाबात गेले. गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत आणि ती मराठीत नाहीत. तेव्हा देव माझ्या मुलांना परका झालेला नाही. तुटले आहे ते माझ्या आणि त्यांच्या मधले. माझी हिंदी कचेरीची; तिच्यात अर्ज लिहिता येतो, जीव ओतता येत नाही.

आता दर एकादशीला मुलगी फोन करते. आम्ही एकच अभंग घेतो. आधी ती वाचते, मग मी अन्वय लावतो, मग शब्द एकेक करून उलगडतो. लिपी तिला येते, पण हिंदीत 'ळ' लागत नाही, म्हणून ती त्याला 'ल' वाचते. तुळशीची माळ तिच्या तोंडी 'माल' होते. एकदा 'लळा' शब्द आला. ती 'लला' वाचून म्हणाली, "म्हणजे रामलला ना?" हिंदीत नेमका शब्द मला सापडेना. मग म्हटले, "लहानपणी आजीचा पदर मुठीत धरल्याशिवाय तुला झोप येत नसे. तो लळा." ती बराच वेळ बोलली नाही. मग तिने तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. दुसऱ्यांदा 'ळ' उमटला.

अशी दोन वर्षे झाली. अर्थ परत येतो, हे मी पाहिले. बोलणे तसे येत नाही; अभंग संपला की ती पुन्हा हिंदीत बोलते आणि मी मराठीत. तुमची लेकरे दूर मुलखात असतील तर ती तुमच्याशी काय बोलतात यावर जाऊ नका. ती एकमेकांशी काय बोलतात, ते दाराआडून ऐका.

रामकृष्णहरि.