पाणी येते कोठून?

बँकेत कर्जप्रकरणे तपासण्यात आयुष्य गेले. त्यामुळे तीन दरपत्रके समोर आली की तुलनातक्ता मांडावयाचा, ही सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही.

सांगलीच्या आमच्या घरातील पश्चिमेच्या सागवानी खिडकीतून दर पावसाळ्यात पाणी आत येई. वडिलांनी बसविलेली ती खिडकी बदलावी, असा चिरंजिवांचा आग्रह. माझे मन मात्र होत नव्हते. तरीही 5 बाय 4 फुटांच्या त्या खिडकीसाठी दर मागविले. ॲल्युमिनियमची सरकती 10,000 रुपये, यूपीव्हीसीची बिजागरीची 16,000 आणि नवी सागवानी 36,000.

तक्ता भरू लागलो, तेव्हा ध्यानात आले की या रकमांची तुलनाच होऊ शकत नाही. ॲल्युमिनियमच्या दरात जाळी धरलेली नव्हती. दोन झडपांची सरकती खिडकी निम्मीच उघडते आणि तिच्या फटी केसाळ पट्टीने झाकलेल्या असतात. वाऱ्यासह आलेला पाऊस व रस्त्याचा आवाज त्यातून शिरतो. बिजागरीची झडप चारही बाजूंनी रबरावर दाबून बसते. आणि चौकट व भिंत यांमधील सांधा बुजविण्याचा खर्च तिघांपैकी एकानेही लिहिला नव्हता.

आमच्या जुन्या सुताराला बोलावले. तो म्हणाला, “साहेब, आधी पाणी कुठनं येतंय ते बघू.” त्याने बाहेरून नळीने पाणी सोडले; प्रथम खालच्या कट्ट्यावर, मग दोन्ही बाजूंना, शेवटी वर. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटे. कट्ट्यावर पाणी पडताच आतील भिंत ओलावली. कट्ट्याचा उतार आतल्या बाजूस होता आणि चौकटीलगतचा सिमेंटचा सांधा तडकला होता. दोष लाकडाचा नव्हताच. त्या जागी कोणतीही नवी खिडकी बसविली असती, तरी ती गळलीच असती.

गवंड्याने कट्ट्याला बाहेर उतार दिला. सांधा मोकळा करून बाहेरून सिलिकॉन भरले. सागाचा गाभा शाबूत होता, वाळवी नव्हती. त्यामुळे औषध फवारण्याचा, म्हणजेच जीवहिंसेचा प्रश्नही उद्भवला नाही. पश्चिमेच्या पावसाउन्हामुळे दर दोन-तीन वर्षांनी वॉर्निश करावे लागेल, विशेषतः झडपेच्या खालच्या कडेला; तेथूनच लाकूड पाणी पिते.

चिरंजिवांच्या रस्त्यालगतच्या वातानुकूलित खोलीत मात्र यूपीव्हीसीची दुहेरी काचेची खिडकी घेतली. दुहेरी काचेचा लाभ खिडकी बंद असेल तेव्हाच मिळतो. दिवसभर उघड्या राहणाऱ्या स्वयंपाकघराच्या खिडकीला 5 मिलिमीटरची एकेरी काच पुरते. यूपीव्हीसी घेताना चौकटीच्या पोकळीत पोलादी पट्टी आहे ना, हे कापलेला तुकडा पाहून खात्री करून घेतली. तिच्या खालच्या पट्टीतील पाणी निघण्याची छिद्रे पावसाळ्यापूर्वी काडीने साफ करतो. ती तुंबली, तर पाणी घरातच उतरते.

यंदा जुलैच्या झडीत वडिलांच्या खिडकीखालची भिंत हाताने चाचपून पाहिली. ती कोरडी होती.